हिल्सबरोचं गेट सी: फाटक उघडणं चुकलं, की उघडल्यानंतर काही राहिलं?

कॉर्नरफ्लॅग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात एका फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना आहे आणि त्यातल्या एका स्टँडच्या प्रवेशद्वारांची जबाबदारी माझ्यावर आली आहे. तीन हजार प्रेक्षक, आत सोडायच्या चार रांगा. मी स्वयंसेवक आहे, हे काम शिकलेला नाही. आधी कुठे काय चुकलं ते कळावं म्हणून हिल्सबरोबद्दल वाचायला घेतलं आणि एका जागी अडकलो.

१५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम. लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफए कपची उपांत्य फेरी, सामना तीनला. लेपिंग्ज लेनच्या बाजूला टर्नस्टाईलसमोर, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकांसमोर, इतकी गर्दी साचली की बाहेरच माणसं चेपली जाऊ लागली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी गेट सी उघडलं. ते खरं तर बाहेर पडायचं फाटक. पाचेक मिनिटांत दोन हजारांच्या आसपास माणसं आत गेली. त्यातली बरीचशी समोरच्या बोगद्यातून थेट कुंपणांनी वेगळ्या केलेल्या मधल्या दोन कप्प्यांत उतरली आणि ते कप्पे आधीच भरलेले होते. त्या दिवसाने अखेर ९७ जणांचा जीव घेतला.

त्या फाटकाशी मी उभा असतो तर काय करायचं होतं? बाहेर लोक गुदमरताना दिसत असताना बंद ठेवायचं? की उघडायचं? दोन दिवस हेच डोक्यात आहे.

राजन_प

स्पष्ट लिहितो, फाटक उघडायलाच नको होतं. बिनतिकिटाचे आत घुसले आणि मर्यादेपेक्षा जास्त माणसं झाली. तिकीट बघितल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही हा नियम पाळला असता तर काही झालं नसतं. तुम्हीही तेच करा, फाटकावर ठाम राहा.

अनघा_अ

राजनदादा, ही समजूत फार वर्षं चालली आणि मेलेल्यांच्या घरच्यांना तिने फार त्रास दिला, म्हणून आधी ती बाजूला करते. चौकशीत माणसं मोजली गेली. टर्नस्टाईलचे आकडे आणि कॅमेऱ्यातल्या चित्रांवरून गेटमधून गेलेल्यांचा अंदाज, दोन्हींची बेरीज लेपिंग्ज लेनच्या टेरेसच्या, म्हणजे उभं राहून बघायच्या भागाच्या, १०,१०० तिकिटांच्या आसपासच आली. मृत्यूंच्या फेरचौकशीत २०१६ ला ज्युरीनेही प्रेक्षकांच्या वागण्याला दोष दिला नाही. माणसं जास्त नव्हती, चुकीच्या ठिकाणी एकवटली होती.

मी चौदा वर्षं स्टेडियमच्या नियंत्रण कक्षात काम केलं आहे. कॉर्नरफ्लॅग, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी २:५२ ला शोधणार नाही. ते तिकीटं छापली त्याच दिवशी ठरलं होतं. हिशेब करून बघा.

उभं राहून सामना बघायच्या त्या टेरेससाठी ए ते जी अशा सात टर्नस्टाईल होत्या. सगळं सुरळीत असताना एका टर्नस्टाईलमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरायची, असं ब्रिटनच्या ‘ग्रीन गाइड’मध्ये, म्हणजे स्टेडियम सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत, आज आहे. सातांची मिळून तासाला ४,६२० झाली. १०,१०० माणसं आत यायला सव्वादोन तासांच्या जवळपास लागणार, आणि तेही लोक पहिल्या मिनिटापासून एका लयीत आले तरच. तसे ते कधीच येत नाहीत. अडीच वाजेपर्यंत या सातांतून सुमारे ४,४०० जण आत गेले होते. उरलेले ५,७०० अर्ध्या तासात जायचे होते आणि अर्ध्या तासात सात टर्नस्टाईल २,३०० च्या वर घेत नाहीत.

म्हणजे अडीचलाच कागदावर दिसत होतं की तीनच्या ठोक्याला तीन हजारांहून अधिक माणसं बाहेर असणार आणि ती पुढे रेटणार. ती बेशिस्त होती म्हणून नाही. आतून गाण्यांचा आवाज येतो, घड्याळ दिसतं आणि मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही.

पेनल्टी_बॉक्स

विषय चांगला आहे. माझ्या मते मूळ दुखणं दोन्ही संघांच्या पाठीराख्यांना नीट वेगळं न ठेवण्याचं. १९८५ ला ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर तेच झालं. झेड विभाग तटस्थ प्रेक्षकांसाठी होता, पण तिथे युव्हेंटसचे लोक तिकीट काढून बसले. मध्ये नुसती जाळी. लिव्हरपूलचे लोक जाळी तोडून धावले, पलीकडचे भिंतीकडे दबले, भिंत कोसळली, ३९ जण गेले. मजबूत कुंपण हवं. दोन्ही बाजूंमध्ये रिकामी जागा आणि गर्दी सांभाळणाऱ्या स्टुअर्डची रांग. एवढं केलं तर मारामारी होणार नाही.

अनघा_अ

हेझेलचं बरोबर लिहिलंत. पण इथे प्रश्न मारामारीचा नाही. हिल्सबरोत दोन संघांत काहीच झालं नव्हतं. तरी तुमचा मुद्दा मला हवाच होता, कारण वेगळं ठेवण्याच्या हट्टानेच तिथे टर्नस्टाईल अपुऱ्या पडल्या.

शहरात येणाऱ्या वाटांवर दोन्ही पाठीराखे समोरासमोर येऊ नयेत म्हणून लिव्हरपूलला उत्तर आणि पश्चिम बाजू दिली. त्या दोन्ही बाजूंचा प्रवेश लेपिंग्ज लेनच्या एकाच तोंडातून. लिव्हरपूलचे २४ हजार लोक आणि २३ टर्नस्टाईल. फॉरेस्टचे सुमारे ३० हजार आणि त्यांना ६० टर्नस्टाईल. नकाशावर रंग भरताना विभागणी अगदी स्वच्छ दिसते. कुठल्या रंगाच्या वाट्याला किती दारं आली, ते मोजायचं राहून जातं. पाहुण्या संघाच्या स्टँडवर मी आजही पहिला प्रश्न हाच विचारते.

आता आतली विभागणी. १९८१ ला याच टोकाला दुसऱ्या एका उपांत्य सामन्यात गर्दी चेपली जाऊन ३८ जण जखमी झाले. त्यानंतर टेरेसवर वरून खालपर्यंत उभी कुंपणं घालून कप्पे पाडले. मात्र टर्नस्टाईलवरची मोजणी अख्ख्या टेरेसचीच राहिली. कोणत्या कप्प्यात किती माणसं आहेत हे सांगणारं काहीच नव्हतं. लोक आपापली जागा शोधून पांगतील, असं गृहीत धरलं होतं. पण टर्नस्टाईलमधून आत आलं की बरोबर समोर बोगदा दिसायचा. कडेच्या कप्प्यांकडे जायची वाट नजरेतच यायची नाही. नवखा माणूस समोर दिसेल तिकडेच जातो.

वसुधा_मो

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण एक अनुभव लिहिते. सामना संपल्यावर वडिलांबरोबर जिन्याने उतरत होते. मी तेव्हा कॉलेजात. जिन्याच्या मधल्या सपाट जागेवर कुणीतरी लोखंडी बॅरिकेड आडवं ठेवलं होतं, रांग लावायला की कशाला कोण जाणे. आधी नुसतं हळू झालं, मग थांबलं, मग मागून दाब आला. बाबांचा चष्मा नाकावरून घसरला आणि तो सावरायला त्यांना हात वर काढता येईना. तो चष्मा त्यांच्या छातीवर आणि समोरच्याच्या पाठीत अडकून राहिला होता, खालीसुद्धा पडला नाही. त्या क्षणी मी घाबरले. ओरडलं कुणीच नाही. सगळे गप्प होते, श्वास पुरवत होते.

कुणीतरी बॅरिकेड उचललं आणि दाब सुटला. ग्लासगोच्या इब्रॉक्स स्टेडियमवर १९७१ मध्ये असंच झालं ना? शेवटच्या क्षणी गोल झाला म्हणून उतरणारे परत वर फिरले आणि दोन प्रवाह एकमेकांवर आदळले?

अनघा_अ

वसुधाताई, तुम्ही लिहिलेला तो चष्मा मी आता विसरणार नाही. आणि शांततेचं अगदी खरं आहे. नियंत्रण कक्षात कॅमेऱ्यावर बघताना आरडाओरडा शोधणारा फसतो. मी नव्या मुलांना सांगते की हात बघा. गोल झाला आणि सगळा स्टँड हात वर करून नाचतोय, पण एका पट्ट्यात हातच वर येत नाहीत, तर तिथे माणसं अडकली आहेत. डोकी मागे झुकलेली, चेहरे वर, हवेसाठी. गर्दी लाटेसारखी डुलते आणि एकट्या माणसाला स्वतःचं पाऊल कुठे टाकायचं ते ठरवता येत नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की ही अवस्था येते. त्यानंतर जीव जातो तो तुडवलं जाऊन नव्हे, उभ्या उभ्या छाती फुलेनाशी होऊन.

इब्रॉक्सबद्दल तुम्ही वाचलेलं बहुतेकांनी वाचलेलं आहे, पण चौकशीत ते टिकलं नाही. सगळे एकाच दिशेने उतरत होते. तेरा नंबरच्या जिन्यावर मध्येच कुणीतरी पडलं आणि मागच्यांना थांबताच आलं नाही. ६६ जण गेले. त्याच जिन्यावर १९६१ मध्येही माणसं मेली होती.

खांबतुळई

मी इमारतींची रचना करतो, बाहेर पडायच्या बाजूने थोडी भर घालतो. ग्रीन गाइडच्या हिशेबाने सपाट वाटेवर एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडतात, पायऱ्यांवर ६६. सव्वा मीटरहून किंचित कमी, म्हणजे १.२ मीटरचा जिना धरला तर आठ मिनिटांत साधारण ६३० जण. वसुधाताईंच्या जिन्यावर त्या बॅरिकेडने निम्मी रुंदी खाल्ली असेल, तर माणसं तेवढीच आणि जिना ३१५ चा झाला. वाटेतली सगळ्यात अरुंद जागा धरायची असते, दाराची रुंदी नव्हे.

दुसरं, आणीबाणीत हिशेब करताना एक दार गेलं असं समजून करायचा. आग दाराशीच लागली तर? आणि तेव्हा आठ मिनिटं मिळतीलच असं नाही. जळाऊ बांधकाम असेल तर ग्रीन गाइड अडीच मिनिटांपर्यंत खाली येतं.

मैदानाभोवतीची कुंपणं काढली की बहुतेक प्रश्न मिटतो, असं माझं मत आहे. हिल्सबरोत पुढे कुंपण होतं आणि त्यातली दारं मीटरभरही रुंद नव्हती. १९८५ ला ब्रॅडफर्डला लाकडी स्टँड जळाला तेव्हा पुढे कुंपण नव्हतं, म्हणून शेकडो लोक मैदानात उतरून वाचले.

अनघा_अ

कुंपणाबद्दल सहमत, पण ‘बहुतेक प्रश्न मिटतो’ याला नाही. ब्रॅडफर्डला ५६ जण गेले आणि त्यातले बरेच मागच्या बाजूला सापडले. माणूस आला त्या वाटेने परत जातो. ते मागे टर्नस्टाईलकडे गेले आणि तिथली दारं बंद होती. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात कांजुरुहान स्टेडियमवर पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला. लोक बाहेर पडायच्या दारांकडे धावले, काही दारं बंद तर काही अरुंद, १३५ मृत्यू. मैदानात उतरायची वाट असून काय करणार, धूर त्याच बाजूने येत होता. अश्रुधूर वापरू नये असं फिफाच्या नियमांत आधीपासून आहे.

म्हणून बाहेर पडायच्या प्रत्येक दाराशी सामना संपेपर्यंत एक माणूस हवा, ज्याला ते दार कुणाला न विचारता उघडता येतं. किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल तर मी ते दार मोजत नाही.

कॉर्नरफ्लॅग

खूप शिकायला मिळतंय. पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. अडीच वाजता काय करायला हवं होतं ते कळलं. पण ते झालं नाही आणि २:५२ झाले. आता उघडायचं की नाही?

अनघा_अ

उघडायचं. बाहेर लोक मरत असतील तर उघडायचंच. दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी हंगामी अहवालात उघडण्याला दोष दिला नाही. उघडताना बोगदा बंद केला नाही आणि लोकांना कडेच्या मोकळ्या कप्प्यांकडे वळवलं नाही, ही त्यांच्या लेखी पहिल्या दर्जाची घोडचूक होती.

ती जागा डोळ्यांसमोर आणा. गेट सीमधून आत आलात की मोकळं अंगण, पलीकडे बोगद्याचं तोंड. बोगद्याला सहास एक असा उतार. शेवटी मधले दोन कप्पे, तीन आणि चार. उतारावर मागून आलेला माणूस थांबू शकत नाही, त्याचं वजन पुढे जातं. पुढच्याचा दाब मागच्याला कळत नाही, कारण त्याला पुढे अंधार आणि त्यापलीकडे हिरवं मैदान दिसतं. कडेचे कप्पे त्या वेळी बरेच मोकळे होते. बोगद्याच्या तोंडाशी दहा-बारा पोलीस हात धरून उभे राहिले असते आणि ‘डावीकडे, उजवीकडे’ सांगितलं असतं, तर तेच दोन हजार लोक व्यवस्थित मावले असते. आदल्या वर्षी, १९८८ च्या उपांत्य सामन्याला, मधले कप्पे भरल्यावर बोगदा अडवला होता, असं अनेक प्रेक्षकांनी सांगितलं. पण ते त्या दिवशी तिथे असलेल्या कुणाच्या तरी समजुतीने झालं. लेखी योजनेत नव्हतं, म्हणून पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही.

नियंत्रण कक्ष त्याच टोकाला, त्या कप्प्यांवर नजर जाईल असा होता. फाटक उघडायचा हुकूम तिथूनच गेला. उघडल्यावर ही माणसं कुठे जातील, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही. तीनला सामना सुरूही झाला. चारेक मिनिटांनी चेंडू दुसऱ्या टोकाच्या गोलच्या आडव्या दांडीवर आदळला, गर्दी उसळली आणि त्याच सुमारास तिसऱ्या कप्प्यातला एक लोखंडी कठडा तुटला. सामना थांबला ३:०५ नंतर.

राजन_प

अनघाताई, माणसांच्या मोजणीचं मला माहीत नव्हतं. माझं वरचं विधान मागे घेतो. पण एक शंका राहते. सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू केला असता तर? तशी घोषणा केल्याने बाहेरचा रेटा खरंच कमी होतो का? मला वाटतं मागचे लोक ऐकणारच नाहीत.

अनघा_अ

१९८७ ला याच मैदानावर उपांत्य सामना उशिरा सुरू केला होता. त्यामुळे करता येत होतं एवढं नक्की. पण घोषणा कधी होते यावर सगळं आहे. अर्धा तास आधी सांगितलं तर लोक सैल पडतात. रेटा सुरू झाल्यावर सांगितलं तर पुढच्याला ऐकू आलं तरी त्याला मागे सरता येत नाही. आणि कारण खरं सांगायला हवं. २०२२ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्याला, पॅरिसच्या स्टाद द फ्रान्सवर, लोक तासन् तास एका अरुंद वाटेवरच्या तपासणीपाशी अडकले होते आणि आतल्या फलकावर ‘प्रेक्षक उशिरा आल्यामुळे’ असं झळकलं. बाहेर ताटकळणाऱ्यांचा विश्वास तिथेच उडतो, मग पुढच्या सूचना कोण ऐकणार.

पेनल्टी_बॉक्स

मघाशी मी विषय सोडून बोललो, माफ करा. पण आता इंग्लंडमध्ये २०२२ पासून कठड्यांसह उभं राहायला पुन्हा परवानगी आहे. हे सगळं वाचून ते मला पटत नाही. परत तोच धोका नको.

खांबतुळई

ते वेगळं आहे हो. प्रत्येक ओळीला कठडा आणि प्रत्येक माणसाला ठरलेली जागा, एक तिकीट एक जागा. मागून लोंढा खाली येऊ शकत नाही. उलट खुर्च्यांच्या स्टँडमध्ये लोक उभेच राहतात आणि गुडघ्याशी खुर्चीची कड असल्याने पुढच्या ओळीवर कोसळतात.

अनघा_अ

माझं यावर पक्कं मत झालेलं नाही. ओळींपुरतं खांबतुळई म्हणतात ते खरं, पण मित्राच्या ओळीत घुसून तिथे दाटी करणारे मी पाहिले आहेत. मधल्या पायऱ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवायला जास्त स्टुअर्ड लागतात आणि ते दर वेळी मिळतात असं नाही.

कॉर्नरफ्लॅग, तुमच्या चार रांगांचा ६६० चा आकडा विसरा. तो तुमचा नाही. घड्याळ घेऊन मोजा.

कॉर्नरफ्लॅग

मोजलं. काल एका साखळी सामन्याला एका रांगेपाशी दहा मिनिटं उभा राहिलो. ६२ माणसं गेली. तासाला ३७२, चार रांगांची मिळून १,४८८. मी सहाशेच्या हिशेबाने सव्वा तास धरून बसलो होतो, प्रत्यक्षात तीन हजारांना दोन तास लागतील. आणि निम्मे लोक शेवटच्या अर्ध्या तासात आले तर पंधराशेपैकी साडेसातशे बाहेर राहतील.

वेळ कुठे जातो तेही पाहिलं. तिकीट स्कॅन व्हायला दोन-तीन सेकंद, बाकी सगळा वेळ पिशवी तपासण्यात. एका काकांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून दाखवली आणि मागचे वीस जण थांबले. मग तासाभराने दोन रांगा फक्त बिनपिशवीवाल्यांसाठी ठेवून बघितल्या. तिथे एकेका रांगेतून दहा मिनिटांत १०८ गेले.

अनघा_अ

शाब्बास. आता पिशव्यांची तपासणी दारापासून लांब न्या, म्हणजे तिथे खोळंबा झाला तरी तो दाराशी दाबला जाणार नाही. पण नेलेल्या जागी अरुंद गल्ली नाही ना ते आधी बघा, पॅरिसला तेच झालं. शिवाय स्टँडमधल्या प्रत्येक विभागात किती माणसं आली, ते वेगळं मोजायची सोय करा. चारही रांगा आत गेल्यावर एकाच जिन्याकडे तोंड करत असतील तर तुमचा बोगदा तोच आहे. तिथे माणूस उभा करा.

कॉर्नरफ्लॅग

चारपैकी तीन रांगांचं तोंड एकाच जिन्याकडे आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणखी एक. सामना उशिरा सुरू करायचा निर्णय कुणाचा, हे आयोजकांना विचारलं. एकाने पंचांचं नाव घेतलं, दुसऱ्याने स्पर्धा समितीचं, तिसरा म्हणाला थेट प्रक्षेपणवाल्यांना विचारावं लागेल. मी लेखी मागितलं आहे: सामन्याच्या पस्तीस मिनिटं आधी बाहेर किती माणसं आहेत ती मी मोजून सांगणार, आकडा सातशेच्या वर असेल तर कोणी, कोणत्या फोनवर, ‘थांबवा’ म्हणायचं. उत्तर आलं की इथे लिहितो.

वसुधा_मो

आणि जिन्यातली बॅरिकेडं? सामना संपायच्या आधी ती उचलायला कोण जाणार आहे, तेही त्याच पत्रात विचारा.

कॉर्नरफ्लॅग

दुसरं पत्र आज संध्याकाळी देतो, ताई.